आकडा तोच, दिसतो मात्र लाखांत

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला की ताळेबंदाच्या वर, उजव्या कोपऱ्यात एक बारीक ओळ दिसते : ‘रक्कम ₹ लाखांत’ किंवा ‘रक्कम ₹ कोटींत’. ही ओळ छापणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. कंपनी कायदा, 2013 च्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचा नियम आहे. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, एकूण उत्पन्न 100 कोटी रुपयांपेक्षा कमी असलेल्या कंपनीने आकडे शेकड्यांत, हजारांत, लाखांत किंवा दशलक्षांत दाखवायचे. 100 कोटी किंवा त्याहून अधिक असेल तर लाख, दशलक्ष किंवा कोटी. आणि एकदा जे एकक निवडले, ते सगळ्या विवरणपत्रांत तेच ठेवायचे.

पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, शाळांची विश्वस्त मंडळे यांना हा कंपनी कायदा लागू नाही. पण सभासदांपुढे ठेवायच्या अहवालात आठ-आठ अंकी रकमांची रांग लागली की वाचणाऱ्याची नजर अडखळते, म्हणून तिथेही ‘लाखांत’ छापायची पद्धत आहे. हिशेब ठेवायचा रुपया-पैशांत आणि दाखवायचा लाखांत, अशी ही रीत. या दोन टोकांच्या मधे संगणकावर जे केले जाते, त्यात बऱ्याच ठिकाणी विनाकारण नुकसान होते.

नुकसान होते ते असे. रकमा एक्सेलमध्ये पूर्ण रुपयांत भरलेल्या असतात. अहवालाची वेळ आली की कोणीतरी पूर्ण रकान्याला 1,00,000 ने भागते. पेस्ट स्पेशलमधल्या Divide या पर्यायाने हे दोन क्षणांत होते आणि मूळ आकड्यांच्या जागी भागाकार येऊन बसतो. कधी त्याच्याही पुढे जाऊन दोन दशांशांपर्यंतचे आकडे हाताने टंकले जातात. मग लेखापरीक्षक एखाद्या शाखेची नेमकी रक्कम विचारतो, तेव्हा शीटमध्ये 482.37 एवढेच उरलेले असते. त्याच्यामागचे रुपये कुठे आहेत, हे शोधायला पुन्हा खातेवही उघडावी लागते.

याची काहीच गरज नसते. एक्सेलमध्ये प्रत्येक सेलला दोन बाजू आहेत : आत साठवलेली संख्या आणि बाहेर दिसणारे तिचे रूप. रूप कसे दिसावे हे ठरवणाऱ्या सूचनेला ‘नंबर फॉरमॅट’ म्हणतात. तारीख, टक्केवारी, रुपयाचे चिन्ह ही सगळी या फॉरमॅटचीच कामे. आपल्या मनासारखी सूचना लिहायची सोयही त्यात आहे, आणि तिच्या मदतीने साठवलेल्या संख्येला हात न लावता ती हजारांत किंवा लाखांत दाखवता येते.

एका पतसंस्थेच्या चार शाखांच्या ठेवी उदाहरणासाठी घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. मुख्य शाखा 4,82,37,450 रुपये, बाजारपेठ शाखा 2,15,64,700, स्टेशन रोड शाखा 97,83,620 आणि गावठाणातली नवी शाखा 6,48,600. हे आकडे B2 ते B5 या सेलमध्ये आहेत आणि B6 मध्ये बेरीज आहे : 8,02,34,370.

आधी हजारांत दाखवणे पाहू, कारण ते सोपे आहे आणि लाखांची युक्ती त्याच्यावरच उभी आहे. B2 पासून B6 पर्यंतचे सेल निवडायचे आणि Ctrl+1 दाबायचे. Format Cells नावाची खिडकी उघडते. तिच्या Number या भागात डावीकडच्या यादीत सर्वांत खाली Custom आहे. ते निवडले की Type नावाची लिहायची जागा मिळते. तिथे हे लिहायचे :

```
#,##0,
```

यातला शेवटचा स्वल्पविराम महत्त्वाचा. अंकांच्या मधे आलेला स्वल्पविराम गट पाडतो, पण शेवटच्या अंकाच्या जागेनंतर आलेला स्वल्पविराम एक्सेलला सांगतो की ही संख्या हजाराने भागून दाखव. दोन स्वल्पविराम दिले तर दहा लाखाने, म्हणजे दशलक्षाने. मुख्य शाखेसमोर आता 48,237 दिसते. पण त्या सेलवर जाऊन वरच्या फॉर्म्युला बारकडे पाहिले तर तिथे 48237450 जसेच्या तसे असते. बेरजेचे सूत्रही तीच पूर्ण संख्या धरते.

लाखांशी गाठ पडते तेव्हा खरी अडचण येते. एक्सेलचा हा स्वल्पविराम तीन-तीन शून्यांच्या पायऱ्यांनी चालतो : हजार, दशलक्ष, अब्ज. लाखाला पाच शून्ये. तीनच्या पाढ्यात पाच येत नाहीत, त्यामुळे कितीही स्वल्पविराम दिले तरी नुसत्या त्यांच्यावर लाख मिळत नाही. भारतातल्या संगणकांवर विंडोजची प्रादेशिक निवड ‘भारत’ अशी ठेवली की स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडू लागतात, पण त्याने फक्त गट बदलतात. भागाकार हजाराचाच राहतो.

यावर हिशेबनीस मंडळींत रुळलेली एक सुंदर तोड आहे :

```
0\.00,
```

हे सहा खुणांचे सूत्र नीट समजून घेण्यासारखे आहे. शेवटच्या स्वल्पविरामाने संख्या हजारांत येते. 4,82,37,450 चे झाले 48237 हजार. आता एक लाख म्हणजे शंभर हजार. म्हणजे हजारांतल्या या संख्येत शेवटच्या दोन अंकांच्या आधी टिंब दिले की ती लाखांत वाचता येते : 482.37. ते टिंब देण्याचे काम उलटी तिरपी रेघ करते. ‘माझ्यापुढचे चिन्ह जसे आहे तसे छाप’, एवढेच ती सांगते. एक्सेलच्या लेखी हे टिंब दशांशचिन्ह नाहीच. मधे छापलेले एक चिन्ह आहे. वाचणाऱ्याच्या लेखी मात्र तेच दशांशचिन्ह.

रेघ विसरली तर काय होते हेही करून पाहावे, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. रेघ नसेल तर टिंब खरे दशांशचिन्ह ठरते आणि मुख्य शाखेसमोर 48237.45 येते. ही रक्कम हजारांत बरोबर आहे. मथळ्यावर ‘लाखांत’ लिहिले असेल तर तीच रक्कम शंभर पटीने फुगते आणि पतसंस्थेच्या ठेवी आठशे कोटींच्या पुढे जातात. ओळखायची खूण सोपी : सर्वांत लहान रक्कम पाहावी. गावठाण शाखेचे साडेसहा लाख 6.49 असे दिसायला हवेत. 648.60 दिसले तर रेघ सुटली आहे.

दुसरा मोह होतो तो एक दशांश कमी करण्याचा. अहवाल आटोपशीर दिसावा म्हणून कोणी सूत्रातले शेवटचे एक शून्य काढून टाकते. इथे ते चालत नाही. हे टिंब खोटे असल्यामुळे शून्य काढले की दशांश न घटता टिंबाची जागाच सरकते. 482.37 ऐवजी 4823.7 दिसते, म्हणजे एकक लाखाऐवजी दहा हजार होते. या युक्तीत दशांश दोनच, कमी नाही आणि जास्त नाही.

एकक सेलमध्येच दिसावे असे वाटले तर अवतरणचिन्हांत देवनागरी शब्द थेट देता येतो. शून्य शिलकीसाठीही एक सोय करून ठेवावी. एखाद्या शाखेत 400 रुपये असतील तर लाखांत ते 0.00 दिसणार, आणि काहीच नसेल तरीही 0.00 दिसणार. या दोन गोष्टी एक नाहीत. फॉरमॅटमध्ये अर्धविरामाने तीन भाग पाडता येतात : पहिला धन संख्यांसाठी, दुसरा ऋण संख्यांसाठी, तिसरा शून्यासाठी.

```
0\.00,;-0\.00,;"–"
```

तिसरा भाग साठवलेली संख्या खरोखर शून्य असेल तरच लागू होतो. त्यामुळे 400 रुपयांसमोर 0.00 राहते आणि रिकाम्या खात्यासमोर आडवी रेघ येते. सभासदाला ‘नगण्य’ आणि ‘काही नाही’ यांतला फरक दिसतो.

कोटींसाठी हीच कल्पना पुढे नेता येते, पण ती थोडी लंगडते. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. म्हणून दोन स्वल्पविराम आणि शेवटच्या एका अंकाआधी टिंब दिले की कोटी मिळतात, तेही एकाच दशांशापर्यंत. किंवा एक स्वल्पविराम आणि टिंबानंतर चार शून्ये दिली की चार दशांशांपर्यंत.

```
0\.0,,
0\.0000,
```

आपली एकूण ठेव पहिल्या सूत्राने 8.0 आणि दुसऱ्याने 8.0234 कोटी दिसते. सगळ्यांना हवे असतात ते दोन दशांश या सरळ वाटेने मिळत नाहीत. तिथे उगाच कसरत करण्यापेक्षा अहवालासाठी वेगळा रकाना करून त्यात मूळ सेलला एक कोटीने भागणारे सूत्र लिहावे. मूळ रकमा शाबूत राहतात, हे महत्त्वाचे.

आता त्या बेरजेकडे वळू, कारण सभेत हात वर होतो तो तिथेच. लाखांत दाखवल्यावर चार शाखा अशा दिसतात : 482.37, 215.65, 97.84 आणि 6.49. खाली एकूण 802.34. समोर बसलेल्या एखाद्या चोख सभासदाने कागदावर बेरीज केली तर त्याला 802.35 मिळते. त्याची बेरीज चुकलेली नाही आणि एक्सेलचीही नाही. प्रत्येक ओळ दाखवताना जवळच्या हजारापर्यंत पूर्ण केली गेली. पहिल्या ओळीतले 450 रुपये दिसेनासे झाले, बाकी तीन ओळी वर सरकल्या. बेरीज मात्र मूळ रुपयांची झाली आणि शेवटी एकदाच पूर्ण केली गेली. दिसणाऱ्या ओळींची बेरीज 8,02,35,000 रुपये, खरी रक्कम 8,02,34,370. तफावत 630 रुपयांची, पण कागदावर ती 0.01 लाख म्हणून उठून दिसते.

यावर एक उपाय सुचवला जातो : प्रत्येक ओळ ROUND सूत्राने आधीच हजारापर्यंत पूर्ण करून मग बेरीज करायची. तसे केले की कागदावरची बेरीज जुळते आणि 802.35 येते. पण ती खातेवहीतल्या एकूण रकमेशी जुळत नाही, आणि ताळेबंदात हीच रक्कम दुसऱ्या पानावर 802.34 म्हणून येते तेव्हा दोन पाने भांडू लागतात. म्हणून खातेवहीशी जुळणारी बेरीज ठेवावी आणि तक्त्याखाली स्पष्ट टीप द्यावी की आकडे पूर्णांकित केल्यामुळे बेरजेत किंचित फरक दिसू शकतो. एक्सेलच्या पर्यायांत Set precision as displayed नावाची एक चौकटही आहे. ती निवडली की दिसणाऱ्या रूपाप्रमाणे साठवलेल्या संख्याच कापल्या जातात आणि नंतर चौकट रिकामी केली तरी गेलेले अंक परत येत नाहीत. या कामासाठी तिला हात लावू नये.

फॉरमॅट फक्त डोळ्यांसाठी आहे, ही गोष्ट सूत्रे लिहिताना पदोपदी आठवावी लागते. समजा, एक कोटीहून जास्त ठेवी असलेल्या शाखेसमोर ‘मोठी’ असे लिहून यायला हवे. पडद्यावर लाख दिसत असल्यामुळे हात सहज शंभरची तुलना लिहून जातो :

```
=IF(B2>100,"मोठी","छोटी")
```

या सूत्राने चारही शाखा मोठ्या ठरतात, गावठाणातली साडेसहा लाखांचीसुद्धा, कारण एक्सेल 648600 ची तुलना 100 शी करतो. तुलना 10000000 शी करायला हवी. मग मुख्य आणि बाजारपेठ या दोनच शाखा मोठ्या येतात. रकान्याला लावलेल्या फिल्टरमध्ये ‘यापेक्षा जास्त’ अशी अट घालतानाही पूर्ण रुपयेच लिहावे लागतात.

उलट दिशेचा गोंधळ नोंद करताना होतो. लाखांत दिसणाऱ्या सेलमध्ये कोणी 6.49 टंकले तर साठवले जातात सहा रुपये एकोणपन्नास पैसे, आणि समोर उमटते 0.00. टंकणाऱ्याला वाटते, नोंद झालीच नाही. तो 649 लिहितो, तर 0.01 दिसते. अशा वेळी नवा माणूस फॉरमॅटच बदलून टाकतो आणि एकाच रकान्यात काही ओळी लाखांच्या, काही रुपयांच्या होतात. म्हणून नोंदीची शीट वेगळी आणि अहवालाची शीट वेगळी ठेवणे उत्तम. नोंदीच्या शीटमध्ये साधे पूर्ण रुपये. अहवालाच्या शीटमध्ये फक्त तिकडचा सेल आणणारे सूत्र, उदाहरणार्थ `=Sheet1!B2`, आणि लाखांचा फॉरमॅट तिथेच.

साठवलेली संख्या बदलत नाही हे खरे, पण ते फाइल एक्सेलमध्ये आहे तोपर्यंत. सर्वांत महागात पडणारी चूक फाइल बाहेर देताना होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरला आकडे पुरवायचे असले की शीट सीएसव्ही स्वरूपात साठवतात. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर, आणि त्यात एक्सेल दिसणारे रूप लिहितो. 48237450 च्या जागी फाइलमध्ये 482.37 जाते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल चढवली जाईल, ते मुख्य शाखेच्या ठेवी चारशे ब्याऐंशी रुपये सदतीस पैसे धरते. मूळ एक्सेल फाइल हाताशी असेल तर निभावते. लोकांनी सीएसव्हीच जपून ठेवलेली असेल तर खालचे अंक कायमचे जातात. म्हणून सीएसव्ही करण्याआधी रकाना निवडून फॉरमॅट General करावा आणि तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या दोन-चार ओळी डोळ्यांखालून घालाव्यात. तिथे जे दिसेल तेच पलीकडे जाणार आहे.

वर्डमध्ये मेल मर्जने पत्रे काढताना नेमके उलट घडते. तिथे साठवलेली संख्या जाते, म्हणून पडद्यावर लाख दिसत असले तरी पत्रात आठ अंकी रक्कम उमटते. पत्रात लाखच हवे असतील तर TEXT सूत्राने वेगळा रकाना करावा :

```
=TEXT(B2,"0\.00,")
```

याचे उत्तर मजकूर असते, संख्या नाही. त्या रकान्याची SUM केली तर शून्य येते. पत्रापुरता तो रकाना वापरावा, हिशेबात घेऊ नये.

आलेखांसाठी एवढी खटपट लागत नाही. एक्सेलमधल्या आलेखाच्या उभ्या अक्षावर दुहेरी टिचकी मारली की Display units नावाची यादी मिळते. तिच्यात हजार आणि दशलक्षाच्या बरोबरीने 100000 हा पर्यायही आहे. सेलच्या फॉरमॅटमध्ये जो लाख आडवाटेने आणावा लागला, तो इथे सरळ हजर असतो.

शेवटच्या स्वल्पविरामाची हजारांची सोय गूगल शीट्समध्ये आणि लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्येही आहे. लाखांचे सूत्र तिथे वापरण्याआधी माहीत असलेली एखादी रक्कम टाकून एकदा पडताळून घ्यावे. एक्सेलमध्येही स्वतः तयार केलेला फॉरमॅट त्या एका फाइलपुरताच राहतो. नव्या फाइलमध्ये तो हवा असेल तर आधीच्या फाइलमधला एखादा सेल तिकडे नकलून न्यावा, म्हणजे सूत्र पुन्हा टंकताना तिरपी रेघ सुटायची भीती उरत नाही.

दुसऱ्याकडून आलेल्या शीटमध्ये 482.37 दिसले, तर ती फॉरमॅटची किमया आहे की खरोखर भागलेली संख्या, हे कसे ओळखायचे? सेलवर जाऊन फॉर्म्युला बार पाहावा. पूर्ण शीट एकदम तपासायची असेल तर Ctrl दाबून धरून, Esc च्या खाली असलेली ` ही कळ दाबावी. शीटमधल्या सगळ्या साठवलेल्या संख्या आणि सूत्रे उघडी दिसतात. तीच कळ पुन्हा दाबली की शीट पूर्ववत होते.

आणि अहवाल छापायला देण्याआधी रकान्याच्या मथळ्यात ‘₹ लाखांत’ लिहिले आहे ना, हे प्रत्येक पानावर पाहून घ्यावे. फॉरमॅट ते आपोआप लिहीत नाही, आणि छापील कागदावर फॉर्म्युला बार नसतो.